दोन काट्यांमधलं अंतर

१४ मे
दुपारी ४४ अंश. १०० एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर जोडीने चालू, दोघांवर ७५-७५ लोड. पहिल्याचे पंखे-पंप बारापासून सुरू आहेत. दुसऱ्याचे नुसते पंखे. चार वाजले तरी पंप गप्पच.

१५ मे
दुपारचं रीडिंग. पहिला: तेल ७०, वाइंडिंग ८३. दुसरा: तेल ७४, वाइंडिंग ७४.
दोघे एकाच बनावटीचे. मग हे असं का?

रात्री जुनी लॉगशीटं चाळली. पहाटेच्या रीडिंगला पहिल्याचा फरक पाचच अंश, दुसऱ्याचा शून्य. मीटरच तीन अंशांनी इकडे-तिकडे असतो, म्हणून कोणाच्या डोळ्यांत आलं नाही. लोड चढला की फरक बोलतो.

१६ मे
नवीन मुलाने नेमप्लेटवर बोट ठेवलं. ओनॅन ६०, ओनॅफ ८०, ओफॅफ १००. "सर, एकाच मशीनला तीन क्षमता?"
पितळ, पोलाद, तांबं तेच. बदलतो तो उष्णता काढून नेण्याचा वेग. ओनॅनमध्ये गरम तेल आपोआप वर चढतं, रेडिएटरमधून थंड होत खाली उतरतं, बाहेर हवाही आपोआप वाहते. ओनॅफमध्ये हवा पंख्यांनी मारायची. ओफॅफमध्ये तेलही पंपाने ढकलायचं. पंप बंद असेल तर ही पाटीवरची १०० आपली नाही, एवढं त्याला सांगितलं.

आमच्या सेटिंगमध्ये पंखे वाइंडिंग ६५ ला सुरू, ५८ ला बंद. पंप ७५ ला सुरू, ६८ ला बंद. मधे अंतर ठेवलंय, नाहीतर काटा हलेल तसे कॉन्टॅक्टर दिवसभर खटखट करत बसतील.

१७ मे
वाइंडिंगचा काटा वाइंडिंगला हातही लावत नाही. त्याचा बल्ब वरच्या तेलातच असतो. बुशिंगमधल्या सीटीचा करंट एका छोट्या हीटरला देतात. लोड वाढला की हीटर तापतो आणि तेलाच्या तापमानावर वाइंडिंगचा जास्तीचा ताप चढवून दाखवतो. सोंगच ते, पण हुशार सोंग.
दुसऱ्याच्या हीटरला करंटच मिळत नसावा. तसं असेल तर तो काटा म्हणजे तेलाचा दुसरा काटा.

संध्याकाळी मार्शलिंग बॉक्समध्ये टाँग टेस्टर लावला. पहिल्याच्या हीटरच्या तारेत करंट आहे. दुसऱ्याच्या शून्य. टर्मिनलवर सीटीची शॉर्टिंग लिंक बसलेली. मागच्या आउटेजच्या टेस्टिंगला लावली असणार, काढायची राहिली.
मुलगा स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे झाला. थांबवलं. लिंक काढली आणि पुढे हीटरचं सर्किट तुटलेलं निघालं, तर चालू लोडवर सीटी उघडी पडेल. त्या टोकांवर किती व्होल्टेज चढेल सांगता येत नाही. आउटेज मागितलं.

१८ मे
साहेब म्हणाले, "मशीन तर चालतंय, घाई काय?"
आज घाई नाही, खरं आहे. तेल ७४ तर आत वाइंडिंग ८७ च्या आसपास. तेवढं चालतं. पण अलार्म ९५ ला लावलाय. हा काटा ९५ वर जाईल तेव्हा आतला कागद १०८ वर असेल. साध्या कागदाला ९८ पर्यंत ठीक, त्यापुढे दर सहा अंशांना झिजण्याचा वेग दुप्पट. आणि १०५ चा ट्रिप? तो वेळेवर येणारच नाही.
आउटेज मिळालं.

१९ मे
पहाटे लोड कमी, दोघांवर ४०-४०. दुसरा बंद केला, सगळा ८० पहिल्यावर गेला. मी मुद्दाम त्याच्या काट्यांसमोर उभा राहिलो. तेल ५० वरून ५१ होईस्तोवर वाइंडिंग ५५ वरून ६५ ला पोचलं. पंखे सुरू. तेल तापायला तास जातात, वाइंडिंगला मिनिटं. पंखे तेलाच्या काट्यावर का टाकत नाहीत, ते मुलाने स्वतःच सांगितलं.

दुसऱ्याच्या हीटरची कंटिन्युइटी बघितली, शाबूत. लिंक काढली. चार्ज केला.
दुपारी: तेल ७०, वाइंडिंग ८३. पंप बारालाच सुरू.

२० मे
दुसऱ्याच्या एका पंपाचा फ्लो इंडिकेटर 'प्रवाह नाही' दाखवतो. मोटर फिरते, अँपिअर बरोबर. स्टँडबाय पंप आपोआप आला. फिरण्याची दिशा तपासली, सरळ. उलटा फिरला असता तरी थोडं तेल ढकललंच असतं, म्हणून नुसत्या आवाजावर विसंबता येत नाही. फ्लॅपच अडकलाय बहुधा.

२३ मे
लॉगशीटवर नवा रकाना आखला: वाइंडिंग वजा तेल. लोड ६० च्या वर असताना फरक पाचच्या खाली आला तर फोन करायचा, रात्र असली तरी.

२४ मे
रात्रपाळीच्या काकांनी रकान्यात तिन्ही रीडिंगला १३ लिहिलंय. पहाटे ४० लोडलाही १३.
उद्या त्यांच्याशी बोलायला हवं.