वकीलपत्रावरची दुसरी सही

साताऱ्याच्या कोर्टात वकीलपत्रावर माझं नाव पहिल्यांदा आलं ते सरांच्या सहीखाली, कोपऱ्यात अंग चोरून. काम सगळं जमिनीचं. सातबारा, फेरफार, कूळकायदा. सात वर्षांत जुने फेरफार चाळताना कुठे बहिणीचं नाव गाळलंय, ते मला लगेच कळू लागलं होतं.

मग सरकारी बँकेतल्या नवऱ्याची बदली लखनौला झाली. तिथे सातबारा नव्हता, खतौनी होती, आणि चकबंदीचा कायदा मी कधी उघडलाही नव्हता. सनद मात्र चालणार होती. अधिवक्ता कायद्याचं कलम 30 2011पासून लागू आहे, देशात कुठेही वकिली करता येते. हे मी हायकोर्टातल्या कारकुनाला ऐकवलं. त्याने शांतपणे नियम दाखवला: या राज्याच्या यादीत नाव नसेल तर वकीलपत्रावर इथल्या वकिलाचंही नाव हवं. सर्वोच्च न्यायालयानेही 2016मध्ये तो नियम उचलून धरलाय. सनद तिकडे हलवता आली असती, पण दर तीन वर्षांनी कुठे कुठे हलवणार?

जमीन सोडली. चेक न वटण्याचं कलम 138 धरलं. हा केंद्राचा कायदा, सातारा काय नि लखनौ काय, दिवसांची मोजणी तीच. आणि खालच्या कोर्टात गरज नसतानाही वकीलपत्रावर पहिल्या दिवसापासून दोन नावं घालू लागले, माझं आणि तिथल्या एका मैत्रिणीचं. अशिलाला तेव्हाच सांगायचं, मी बदलीवाली आहे. काही जण उठून गेले.

बियाण्याच्या एका व्यापाऱ्याचा चार लाखांचा चेक परत आला. बँकेचा मेमो हातात पडला 6 मार्चला. तिथून तीस दिवसांत नोटीस जायला हवी. आम्ही 20ला पाठवली, समोरच्याला 24ला मिळाली. पैसे द्यायला त्याला पंधरा दिवस, म्हणजे 8 एप्रिल. त्यापुढे तक्रारीला एक महिना. नेमकी त्याच महिन्यात नागपूरची ऑर्डर आली. बँकवाल्यांच्या बदल्या शाळा संपताना निघतात, हे एव्हाना मला पाठ होतं. म्हणून मुदत 9 मेपर्यंत असूनही 30 एप्रिललाच तक्रार दाखल केली. नवीन वकीलपत्र नको, आधीच्या वकिलाची ना-हरकत नको. मैत्रीण तारखांना उभी राहायची, मी नागपुरातून उलटतपासाचे प्रश्न लिहून पाठवायचे.

पण लिहिलेला प्रश्न वेगळा आणि साक्षीदार गडबडला की त्या क्षणी सुचतो तो वेगळा. आरोपीने "सही माझी, पण रक्कम नंतर भरली" म्हटलं तेव्हा पुढचा प्रश्न मैत्रिणीनेच जागेवर रचला. फोनवर तो ऐकला आणि मला तिचा हेवा वाटला.

निकालाची नक्कल पोस्टाने आली. तक्रारदारातर्फे एकच नाव छापलं होतं, तिचं. फी मात्र तिने निम्मी पाठवली.