उत्तर चुकलं, पण रीत चुकली नाही

मी नांदेडचा. अकरावी-बारावी लातूरला काढली. तिथं दोन वर्षं एकच सवय लागली: पर्याय निवडा, गोळा काळा करा. नीटमध्ये बरोबर आलं तर ४ गुण, चुकलं तर १ जातो. कच्चं काम कुणी बघत नाही. म्हणून बीएस्सीत लिनिअर अल्जेब्राच्या एका प्रश्नात ८ पैकी १ गुण मिळाला आणि ३ गुणांनी विषय राहिला, तेव्हा मीही गप्पच बसणार होतो. उत्तर चुकलंय, मग मागायचं कशाला?

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स हातात आली तेव्हा मत बदललं. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कुणावर राग काढायचा नाही. पुनर्मूल्यांकनाच्या फॉर्मसोबत जोडलेलं पत्र तेवढं इथं देतो.

"प्रति,
मा. परीक्षक, रेषीय बीजगणित
(मा. परीक्षा नियंत्रक यांच्यामार्फत)

विषय: एका प्रश्नाच्या पुनर्मूल्यांकनाबाबत नम्र विनंती.

महोदय/महोदया,
खालील समीकरणं सुसंगत आहेत का ते तपासून ती सोडवा, असा प्रश्न होता.

x + y + z = 6
x + 2y + 3z = 14
x + 4y + 9z = 36

माझी चूक आधीच मान्य करतो. तिसऱ्या ओळीतून पहिली वजा करताना 36 − 6 = 30 लिहायचं, तिथं मी 32 लिहिलं. त्यामुळे माझं उत्तर x = 2, y = 0, z = 4 आलं. बरोबर उत्तर 1, 2, 3 आहे.

मात्र दोन गोष्टी आपल्या नजरेस आणाव्यात असं वाटतं. पहिली, ही चूक फक्त शेवटच्या स्तंभात आहे. डावीकडच्या तिन्ही ओळी बरोबर आहेत आणि कर्णावर 1, 1, 2 आले आहेत. म्हणून दोन्ही मॅट्रिक्सची रँक 3, अज्ञातंही 3, म्हणजे समीकरणं सुसंगत आणि उत्तर एकमेव, हा निष्कर्ष पूर्ण बरोबर आहे. चुकीचा त्याला स्पर्श झालेला नाही.

दुसरी, माझं उत्तर मूळ समीकरणांत घालून पाहिलं तर पहिलं 6 आणि दुसरं 14 बरोबर येतं. तिसरं 36 ऐवजी 38 येतं. फरक बरोबर 2, म्हणजे माझ्या वजाबाकीत झाला तेवढाच. प्रश्नात 38 असतं तर हेच उत्तर बरोबर ठरलं असतं. त्या एका आकड्यानंतरची प्रत्येक पायरी, R3 − 3R2 आणि खालून वर किंमती भरणं, रीतीप्रमाणे झाली आहे.

त्या वजाबाकीचे आणि अंतिम उत्तराचे गुण मी मागत नाही. मॅट्रिक्सची मांडणी, ओळींवरच्या क्रिया, रँकचा निष्कर्ष आणि किंमती भरणं, यांचे पद्धतीचे गुण गुणदान योजनेत असतील तर ते द्यावेत, ही विनंती. फेरतपासणीत गुण कमी झाले तरी आपला निर्णय मान्य राहील.

आपला नम्र,
विद्यार्थी"

हे लिहिण्याआधी एका वकील काकांकडे गेलो होतो. ते म्हणाले, "बाळा, हक्क कशाचा आणि विनंती कशाची, हे आधी समजून घे." महाराष्ट्राच्याच बोर्डाविरुद्धच्या परितोष शेठ प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की नियमात नसेल तर पुन्हा तपासून मागण्याचा हक्क नाही. २०११ साली आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात त्याच न्यायालयानं तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकारातली 'माहिती' मानली. म्हणजे कागद बघण्याचा हक्क आहे. पुन्हा तपासणी मात्र नियम देईल तेवढीच. म्हणून पत्रात भाषा विनंतीची ठेवली.

अजून एक. नुसती गुणपडताळणी मागितली असती तर बेरीज तेवढी बघितली गेली असती, आणि माझी बेरीज बरोबरच होती. झेरॉक्स आली की आधी हे बघा: बेरीज चुकलीय, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय, की पायऱ्यांचे गुण गेलेत? पायऱ्यांचे गेले असतील तर स्वतःची चूक नेमकी कुठं झाली ते शोधा आणि तुमचं उत्तर मूळ प्रश्नात घालून बघा. माझ्यासारखा चुकीएवढाच फरक दिसला तर पुढचं काम बरोबर आहे. दुसऱ्या समीकरणातही गडबड निघाली असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

निकाल अजून यायचाय. उत्तरपत्रिकेत लाल पेनानं 32 भोवती गोल केलाय. त्याच्या खालच्या अर्ध्या पानावर एकही खूण नाही. ते अर्धं पान कुणीतरी वाचावं, एवढंच मागणं आहे.

कुणाकडे अशी झेरॉक्स पडून असेल तर फॉर्मची शेवटची तारीख आधी बघा रे.