बोर्ड गरम होतोय, दादा



मागच्या महिन्यात आमच्या ओट्याजवळचा इंडक्शनचा बोर्ड गरम होऊन ट्रिप व्हायला लागला. आमच्याकडे चौविहार, त्यामुळे सूर्यास्ताआधी स्वयंपाक आणि पाणी उकळणं एकाच तासात येतं, आणि नेमका तेव्हाच तो बंद पडायचा. आम्ही गंगापूर रोडला, सोमेश्वरच्या बाजूला राहतो. आमचे इलेक्ट्रिशियन दादा सातपूरहून येतात. "लाइट जातेय, या" एवढंच कळवलं तर ते टेस्टर घेऊन येतात आणि सामान आणायला परत जातात. म्हणून दोन दिवस नीट बघून मी त्यांना हा मेसेज पाठवला :

"दादा, नमस्कार. ओट्याजवळचा बोर्ड गरम होतोय. त्यात १६ अँपिअरचं सॉकेट आणि शेजारीच एमसीबी आहे, त्यावर C16 लिहिलंय.
१. फक्त इंडक्शन लावते, १८०० वॅटची. पूर्ण पॉवरवर १५ ते २० मिनिटांत हा एमसीबी पडतो. लावल्या लावल्या कधीच पडत नाही.
२. पडल्यावर लगेच वर केला तर टिकत नाही. दहा मिनिटांनी टिकतो.
३. कमी पॉवरवर ४० मिनिटं चालवली, तर पडला नाही.
४. प्लेट सॉकेटच्या बाजूला जास्त गरम, स्विचच्या बाजूला कमी. प्लगची एक पिनही गरम होते, त्या भोकाभोवती पिवळसर डाग आहे.
५. प्लग आधीपेक्षा सैल बसतो.
६. मासळीसारखा वास येतो. ठिणगी किंवा आवाज नाही.
७. तीच इंडक्शन वॉशिंग मशीनच्या पॉइंटवर २५ मिनिटं चालवली. काही झालं नाही, प्लगही थंड.
८. बाकी घरातली लाइट जात नाही, मेन बोर्डवरचा आरसीसीबी पडत नाही.
तो एमसीबी आता बंद ठेवलाय, बोर्ड उघडलेला नाही. फोटो पाठवते."

दादांचा फोन आला, "ताई, सॉकेट घेऊनच येतो."

त्यांना हे न बघता कसं कळलं, ते त्यांनी काम करताना सांगितलं. १८०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साधारण ८ अँपिअर, १६ च्या निम्मंच. म्हणजे लोड जास्त झालेला नव्हता. शॉर्ट असता तर लावताक्षणी पडला असता. करंट जमिनीकडे गळत असता तर आरसीसीबी पडला असता. सातव्या मुद्द्यावरून इंडक्शन चांगली आहे हे ठरलं. मग उरला तो सैल जोड. वायर किंवा पिन घट्ट धरलेली नसली की करंट जाताना तिथे उष्णता तयार होते. एमसीबीच्या आत दोन धातूंची पट्टी असते, ती तापली की वाकते आणि स्विच पाडते. शेजारच्या सॉकेटची उष्णता तिला मिळाली की ती ८ अँपिअरलाही वाकते. थंड होईपर्यंत एमसीबी टिकत नव्हता तो याचमुळे.

मेन बंद करून बोर्ड उघडला तेव्हा तसंच निघालं. सॉकेटचा न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता, वायरचं टोक करपून तपकिरी झालं होतं आणि आतल्या पितळी पट्टीची पकड गेली होती. दादांनी करपलेला भाग कापून ताजी तांब्याची तार काढली, सॉकेट बदललं, एमसीबीचे स्क्रूही आवळले. इंडक्शनच्या प्लगच्या पिना घासून साफ केल्या. काळ्या पिना नवं सॉकेटही खराब करतात, त्या जास्त करपल्या असत्या तर प्लग बदलावा लागला असता. नंतर अर्धा तास पूर्ण पॉवरवर पाणी उकळून बघितलं. प्लेट कोमटही झाली नाही.

त्या वासाबद्दल एक सांगते. सॉकेटचं प्लास्टिक तापलं की असा वास येतो. आपल्या स्वयंपाकघरात मासळीचा वास यायचं दुसरं काही कारणच नाही, म्हणून आपल्याला तो लवकर कळतो. तो आला की सॉकेट वापरायचं थांबवा.

बघताना हात कोरडा ठेवा, फक्त प्लॅस्टिकच्या प्लेटला उलटा हात लावा. प्लग काढायच्या आधी स्विच बंद करा. डाग काळा असेल, धूर किंवा तडतड असेल तर निरीक्षण करत बसू नका, मेन बंद करून लगेच फोन करा. आणि पुन्हापुन्हा पडणाऱ्या एमसीबीच्या जागी २५ किंवा ३२ चा बसवून घेऊ नका. तो पडणार नाही, पण जोड तसाच तापत राहील आणि आता कुणी थांबवणारं उरणार नाही.