पट्टी वाचू की काडी बघू?

ऑक्टोबरात निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत आम्ही गोडी छाटणीचं चित्रीकरण केलं. द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यातून नवी काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, तिच्यातून माल येतो. बागेचे मालक काका हातात कात्री घेऊन काडीवर कुठे काप द्यायचा ते दाखवत होते. नव्याने बाग लावलेल्यांसाठी सव्वा मिनिटाचा, मोबाइलवर उभा दिसणारा व्हिडिओ करायचा होता.

संकलन करून काकांचा शब्द न् शब्द मी खाली सबटायटलमध्ये दिला. मग तो व्हिडिओ त्यांच्याच गावातल्या एका तरुणाला दाखवला. तो एसटीत होता, कानात काही नव्हतं, आवाज बंद ठेवून त्याने सगळं पाहिलं. काका काय म्हणाले ते त्याने नीट सांगितलं. मी विचारलं, "काप कुठं दिला?" तो म्हणाला, "ते नाही बघितलं. वाचत होतो ना."

ज्यासाठी व्हिडिओ केला, नेमकं तेच त्याला दिसलं नव्हतं. आवाज चालू असतो तेव्हा कान ऐकतात आणि डोळे चित्रावर मोकळे राहतात. आवाज बंद केला की कानाचं कामही डोळ्यांवर येतं. सबटायटलच्या पट्टीवरचा प्रत्येक शब्द चित्राकडे बघण्याचा थोडा वेळ खातो. म्हणून मूकपणे बघणाऱ्यासाठी सबटायटल लिहायचं म्हणजे त्याच्या डोळ्यांचा वेळ वाटून द्यायचा, असं मी आता मानतो.

काकांचं एक वाक्य असं होतं: "म्हणजे कसंय बघा, ही जी काडी हाय ना, ही एप्रिलात खरड छाटणी झाली तवा फुटलेली काडी हाय, आन् आता गोडी छाटणीला हिच्यावरच माल धरायचा." बोलायला सात सेकंद, आणि अक्षरं जवळजवळ साठ. चौकटीत फक्त चेहरा असेल तर सेकंदाला बारा अक्षरं माझ्या अनुभवात सहज वाचून होतात. हात काही करून दाखवत असेल तर मी आठाच्या वर जात नाही. त्या हिशेबाने साठ अक्षरांना साडेसात सेकंद लागतात, म्हणजे सगळा वेळ वाचण्यातच जातो आणि कात्रीसाठी काहीच उरत नाही.

मी त्याच्या दोन पट्ट्या केल्या. पहिली: "ही खरड छाटणीला फुटलेली काडी हाय". सोळा अक्षरं, दोन सेकंद. दुसरी: "आता गोडी छाटणीत हिच्यावरच माल धरायचा". एकोणीस अक्षरं, अडीच सेकंद. उरलेले अडीच सेकंद पडद्यावर काहीच लिहिलं नाही. कात्री काडीला लागते तो क्षण त्या मोकळ्या वेळात येईल अशा बेताने पट्ट्या किंचित अलीकडे सरकवल्या. 'कसंय बघा' आणि 'ही जी काडी हाय ना' गेलं, 'एप्रिलात'ही गेलं, कारण तो महिना आधीच्या पट्टीत येऊन गेला होता. 'हाय' मात्र ठेवलं. त्याचं 'आहे' केल्याने एकही अक्षर वाचत नाही आणि काकांचं बोलणं परकं होतं.

इथे अक्षर म्हणजे आपण शाळेत मोजतो ते अक्षर. 'स्त्री' हे आपल्यासाठी एक अक्षर, पण संगणक त्यात सहा चिन्हं मोजतो: तीन व्यंजनं, दोन हलन्त आणि एक मात्रा. त्यामुळे सॉफ्टवेअर 'ओळ फार लांब झाली' म्हणतं तेव्हा मी त्याच्यावर विसंबत नाही, बोटांवर मोजतो.

मराठीत पट्टी कुठे तोडायची याला फार जपावं लागतं, कारण आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. काका म्हणाले, "पाऊस असताना कात्री चालवायची नाही." ओळ लांब होते म्हणून सॉफ्टवेअरने आपोआप तिचे दोन तुकडे केले. पहिल्या पट्टीवर "पाऊस असताना कात्री चालवायची" आणि पुढच्या पट्टीवर एकटं "नाही". ऐकणाऱ्याला ते 'नाही' त्याच दमात ऐकू येतं. मूकपणे बघणारा पहिली पट्टी वाचून काडीकडे बघायला लागतो, 'नाही' एका सेकंदात येऊन जातं, आणि सल्ला उलटा होऊन त्याच्या लक्षात राहतो. तेव्हापासून 'नाही', 'नको', 'नये' हे शब्द मी क्रियापदापासून कधीच तोडत नाही. ओळ मावत नसेल तर आधीचे शब्द कमी करतो. 'खरड छाटणी'सारखे जोडीचे शब्दही एकाच ओळीत ठेवतो. 'खरड' वर आणि 'छाटणी' खाली गेली की नवखा माणूस अडखळतो.

मग जागेचा प्रश्न. उभ्या व्हिडिओत खालच्या भागावर खात्याचं नाव आणि मजकूर येतो, उजवीकडे बटणं येतात. माझी पहिली पट्टी अर्धी त्यांच्याखाली गेली होती. आता मी ती तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर ठेवतो, पण हात तिथेच असेल तर त्या दृश्यापुरती वर नेतो. देवनागरीत वर रफार आणि वेलांटी, खाली उकार, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. व्हिडिओ बाहेर काढल्यावर 'हिच्यावरच' आणि 'दुसऱ्या' हे दोन शब्द मी मुद्दाम तपासतो. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची सोय चालू नसली तर पहिल्यातली वेलांटी 'ह'च्या उजवीकडे जाऊन पडते आणि दुसऱ्यातला 'ऱ्या' फुटतो.

शेवटची चूक मला सर्वांत उशिरा दिसली. मधेच काका बोलायचं थांबून मागे वळून बघतात. आवाज असला तर कळतं की मागे ट्रॅक्टर सुरू झाला. आवाज नसला तर ते असे का वळले हे कळत नाही. तिथे मी कंसात "ट्रॅक्टर सुरू होतो" एवढंच लिहिलं. कात्रीचा आवाज लिहिला नाही, कारण कात्री दिसतेच आहे. जो आवाज दिसत नाही आणि ज्यामुळे माणूस काही करतो, तो लिहायचा. एसटीतला प्रवासी हवं तेव्हा आवाज चालू करू शकतो. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यासाठी ही पट्टी हाच एकमेव आवाज असतो.

दुसरी प्रत त्याच तरुणाला दाखवून उपयोग नव्हता, त्याला आता सगळं माहीत होतं. म्हणून ती त्याच्या आईला आवाज बंद करून दाखवली. त्यांनी फोन हातभर लांब धरून एकदाच पाहिला आणि काप कुठे द्यायचा ते दारातल्या वेलीवर बोट ठेवून दाखवलं.

तुम्ही सबटायटल लिहीत असाल तर पाठवण्याआधी एवढं करा. ज्याने तो व्हिडिओ अजून पाहिलेला नाही अशा माणसाच्या हातात आवाज बंद करून फोन द्या. "काय म्हणाले?" असं विचारू नका. "काय केलं?" असं विचारा. उत्तर आलं नाही तर शब्द कमी करा.