चार चौकोनांची खतावणी

बास्केटबॉलच्या मैदानालगतच्या टेबलाशी बसून स्कोअरशीट लिहिण्याचे काम मी पुष्कळ वर्षे करीत आलो आहे, आणि या काळात माझी अशी दृढ समजूत झाली आहे की, दिवसभर कचेरीचे काम आटोपून संध्याकाळी लीगच्या सामन्यासाठी बूट चढविणाऱ्या हौशी खेळाडूला आपले स्वतःचे फाउल किती झाले हे नेमके ठाऊक असते, पाचव्या फाउलला आपल्याला मैदान सोडावे लागेल याची त्याला धास्तीही असते. परंतु आपल्या संघाचे फाउल किती झाले, हा प्रश्न त्याला विचारला तर तो गोंधळून टेबलाकडे पाहू लागतो. सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत जे गुण हकनाक गमावले जातात, त्यांतले बरेचसे या एका अज्ञानाच्या पोटी गमावले जातात, असे मला कागदावरील नोंदींवरून म्हणावेसे वाटते.

प्रत्येक फाउलची नोंद दोन ठिकाणी होते. एक खेळाडूच्या नावापुढे, जिथे पाच रकाने असतात. आणि दुसरी संघाच्या नावाखाली, जिथे प्रत्येक क्वार्टरसाठी एक ते चार एवढेच चौकोन छापलेले असतात. पहिल्या व तिसऱ्या क्वार्टरला आम्ही तांबडी शाई वापरतो, दुसऱ्या व चौथ्याला निळी किंवा काळी, आणि फाउल झाला की त्या छोट्या चौकोनावर फुली मारतो. पाचवा चौकोन छापलेलाच नाही, आणि त्याच्या नसण्यात सगळा नियम सामावलेला आहे: चार फाउलपर्यंत संघाला मुभा आहे, त्यापुढे मुभा संपली. चौथ्या फाउलनंतर चेंडू खेळात येताच स्कोअरर टेबलाच्या कडेला, त्या संघाच्या बाकाच्या बाजूस, लाल खूण उभी करतो. ती खूण दिसली की त्या क्वार्टरच्या अखेरपर्यंत त्या संघाने बचाव करताना केलेल्या प्रत्येक साध्या वैयक्तिक फाउलबद्दल, मग तो बास्केटपासून कितीही दूर घडलेला असो आणि फाउल सोसणारा चेंडू टाकण्याच्या बेतात नसला तरीही, प्रतिपक्षाला दोन फ्री थ्रो मिळतात. यालाच आपल्या मैदानांवर ‘बोनस लागला’ असे म्हणतात. हे फ्री थ्रो ज्याच्यावर फाउल झाला त्यानेच टाकायचे असतात. संघातल्या नेमबाजाला पुढे करण्याची सवलत इथे नाही.

एका खेळाडूच्या अपराधाचे मोल त्याच्या साऱ्या संघाने मोजावे, ही कल्पना कुणा आधुनिक समितीने मागाहून जोडलेली आहे असे समजू नये. जेम्स नेस्मिथ यांनी 1891 च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथे या खेळाचे जे तेरा नियम लिहिले, त्यांतच असे कलम होते की, प्रतिपक्षाने मध्ये एकही फाउल न करता एखाद्या बाजूने लागोपाठ तीन फाउल केले, तर प्रतिपक्षाच्या नावे एक गोल धरावा. तिथे फ्री थ्रो नव्हता, क्वार्टर नव्हते, पण संघाच्या नावावर अपराध साचतात आणि एका मर्यादेपलीकडे ते थेट गुणांत रूपांतरित होतात, हे तत्त्व जन्मापासूनचे आहे. पुढे गणनेच्या मुदती बदलल्या. जे वडीलधारे खेळाडू वीस-वीस मिनिटांचे दोन अर्ध खेळले, त्यांच्या काळी संघाचा हिशेब अर्धापुरता चाले. आंतरराष्ट्रीय नियमांत 2000 साली दहा मिनिटांचे चार क्वार्टर आले, आणि तेव्हापासून प्रत्येक क्वार्टरच्या आरंभी पाटी कोरी होते.

या गणनेत काय धरावे आणि काय धरू नये, याविषयी मात्र मैदानावर फार गैरसमज आढळतात. चेंडू टाकताना झालेला फाउल संघाच्या गणनेत धरला जातोच. त्याची स्वतंत्र शिक्षा ठरलेली आहे म्हणून तो या हिशेबातून सुटत नाही. आक्रमक खेळाडूने बचावपटूच्या छातीवर आदळून केलेला चार्जही धरला जातो. परंतु आपल्या संघाच्या ताब्यात चेंडू असताना केलेल्या फाउलला, तो सातवा असो वा आठवा, फ्री थ्रो नाहीत, केवळ चेंडू जातो. आणि टेक्निकल फाउल? इथे भेद सूक्ष्म आहे. मैदानावरील खेळाडूला मिळालेला टेक्निकल त्याच्या पाचांतही मोजला जातो आणि संघाच्या चारांतही. पण कोचला किंवा बाकावरील मंडळींना मिळालेला टेक्निकल कोचच्या नावापुढे लिहिला जातो, संघाच्या चौकोनांत त्याची फुली पडत नाही.

टेक्निकल म्हणजे शिवीगाळ, एवढाच अर्थ अनेकांनी मनाशी धरलेला असतो, आणि म्हणून शिट्टी वाजताच “सर, मी तर हातही लावला नाही!” अशी फिर्याद ऐकू येते. हात न लावणे हेच तर टेक्निकलचे लक्षण आहे. तो वर्तनाचा फाउल आहे, स्पर्शाचा नव्हे. रेफरीशी उद्दामपणे वागणे त्यात येते तसे प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांसमोर पंजा नाचविणे, कोपर जोराने फिरवणे (स्पर्श न होता), आणि ताकीद मिळाल्यानंतरही फाउल झाल्याचा बनाव करणे किंवा बास्केट झाल्यावर चेंडूला मुद्दाम हात लावून खेळ लांबवणे हेही येते. त्याची शिक्षा प्रतिपक्षाला एक फ्री थ्रो, तो त्यांच्यापैकी कुणीही टाकावा, तोही ताबडतोब आणि रिबाउंडसाठी कुणीही रांगेत उभे न राहता; त्यानंतर ज्यांच्याकडे चेंडू होता किंवा ज्यांचा त्यावर हक्क होता त्यांच्याकडूनच खेळ पुढे चालू. लाल खूण उभी असली तरी या एकाचे दोन होत नाहीत. एकाच खेळाडूला दोन टेक्निकल मिळाले की उरलेल्या सामन्यासाठी तो बाद.

हे सारे एकत्र कसे काम करते ते एका प्रसंगावरून पाहू. चौथा क्वार्टर आहे, साडेतीन मिनिटे उरली आहेत, निळा संघ 52 आणि पिवळा 50. निळ्यांच्या नावावर या क्वार्टरमध्ये दोन फाउल आहेत. मध्यरेषेपाशी निळ्या बचावपटूने चेंडू खेळवणाऱ्या पिवळ्याला ढकलले: तिसरा फाउल, पिवळ्यांना केवळ थ्रो-इन, म्हणजे गुणांच्या दृष्टीने अद्याप काहीच बिघडलेले नाही. परंतु त्या बचावपटूला निर्णय रुचला नाही आणि त्याने चेंडू रागाने जमिनीवर आपटला, टेक्निकल. ही फुली चौथ्या चौकोनावर पडली. पिवळ्यांच्या उत्तम नेमबाजाने एक फ्री थ्रो साधला, 52–51, आणि चेंडू पुन्हा पिवळ्यांचाच. आता टेबलावर लाल खूण उभी आहे, पण निळ्यांपैकी कुणीही तिकडे पाहिले नाही. थ्रो-इननंतर बास्केटपासून दूरच दुसऱ्या निळ्या खेळाडूने ड्रिबल करणाऱ्याच्या कमरेवर हात ठेवला, असा फाउल जो पूर्वार्धात त्याने निर्धास्तपणे केला असता. हा पाचवा, दोन फ्री थ्रो, दोन्ही साधले, 52–53. घड्याळात जेमतेम काही सेकंद सरले आणि आघाडी गेली. तो टेक्निकल झाला नसता तर कमरेवरचा तो हात चौथा फाउल ठरला असता आणि पिवळ्यांना पुन्हा नुसता थ्रो-इन मिळाला असता. म्हणजे आपटलेल्या चेंडूची किंमत एक गुण नसून तीन गुण ठरली, आणि त्यातले दोन दुसऱ्याच्याच हातून गेले. पुढच्या आक्रमणात निळ्यांनी चार्ज केला, तो सहावा. मात्र चेंडू त्यांच्याच ताब्यात असल्याने पिवळ्यांना फ्री थ्रो मिळाले नाहीत. पिवळ्यांच्या बाकावरून त्या क्षणी जो ओरडा होतो तो निराधार असतो.

उलट बाजूनेही ही संख्या ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शेवटचे अर्धे मिनिट उरले असता तीन गुणांनी मागे असलेला संघ घड्याळ थांबवण्यासाठी फाउल करू पाहतो. पण त्याच्या नावावर त्या क्वार्टरमध्ये दोनच फाउल असतील, तर त्याला पहिले दोन फाउल वाया घालवावे लागतात, कारण तिसऱ्याला आणि चौथ्याला प्रतिपक्ष केवळ बाजूने चेंडू आत टाकतो, आणि दर वेळी मोलाचे सेकंद खर्ची पडतात. म्हणून जाणता कोच, आपल्याला पुढे फाउल करावेच लागणार हे ओळखून, दोन मिनिटे आधीच बचाव अधिक आक्रमक करवितो. मात्र तो फाउल चेंडूच्या रोखाने, खेळाच्या ओघात झाला पाहिजे. मागून जर्सी ओढली, तर रेफरी अनस्पोर्ट्समनलाइक देतो, आणि मग दोन फ्री थ्रोही जातात व चेंडूही. शेवटच्या दोन मिनिटांत आणखी एक सापळा आहे: थ्रो-इन करणाऱ्याच्या हातून चेंडू सुटण्यापूर्वीच आत उभ्या असलेल्याला धरले, तर प्रतिपक्षाला एक फ्री थ्रो मिळतो आणि चेंडूही त्यांच्याकडेच राहतो.

दूरदर्शन संचावर अमेरिकन व्यावसायिक सामने पाहणाऱ्या तरुणांच्या मनात याहून निराळा हिशेब बसलेला असतो, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. एनबीएमध्येही बोनस पाचव्या फाउलपासूनच, परंतु क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत दुसऱ्याच फाउलला तो लागू शकतो, आणि वर्तनाबद्दलचा टेक्निकल तिथे संघाच्या गणनेत येत नाही. तेथील पुरुषांच्या कॉलेज-बास्केटबॉलमध्ये तर हिशेब अर्धाचा: सातव्या फाउलपासून पहिला साधला तरच दुसरा फ्री थ्रो, आणि दहाव्यापासून सरळ दोन. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनी आपल्या वस्तीतील लीगमध्ये उतरताना यांपैकी कोणता दस्तुर चालतो हे पहिल्या सामन्यापूर्वीच विचारून घ्यावे; भारतातल्या बहुतेक लीग आंतरराष्ट्रीय नियमांनी चालतात.

टेबलाकडूनही चुका होतात. लाल खूण उभी राहिली नाही, पाचव्या फाउलला फ्री थ्रोऐवजी थ्रो-इन दिला गेला आणि खेळ पुढे सरकला, असे घडू शकते. हक्काचे फ्री थ्रो न मिळणे ही दुरुस्त करता येण्याजोगी चूक आहे, पण तिला मुदत आहे: चुकीनंतर घड्याळ सुरू होऊन जेव्हा पहिल्यांदा चेंडू मृत होईल, त्यानंतर तो पुन्हा खेळात येण्यापूर्वीच ती दुरुस्त होऊ शकते. त्यानंतर स्कोअरशीट कितीही स्पष्ट बोलत असली तरी निर्णय फिरत नाही. म्हणून कर्णधाराने सामन्यानंतर तक्रार करण्यापेक्षा पहिल्याच थांब्याला रेफरीला सभ्यपणे विचारावे.

आणि बरोबरी झाल्यावर पाच मिनिटांचा जादा डाव सुरू होतो, तेव्हा खेळाडू पाणी पिऊन नव्या उमेदीने आत येतात व सगळे नव्याने सुरू झाले असे धरून चालतात. गुणफलकावरील वेळ नवी असते, फाउल नसतात. आंतरराष्ट्रीय नियमांत जादा डाव हा चौथ्या क्वार्टरचाच विस्तार समजला जातो, म्हणून चौथ्या क्वार्टरमध्ये ज्याच्या चारही चौकोनांवर फुल्या पडल्या, त्या संघाने जादा डावाच्या पहिल्याच सेकंदाला बचावात केलेला साधा फाउलही प्रतिपक्षाला दोन फ्री थ्रो देतो, आणि आम्ही त्या संघाची लाल खूण मध्यंतरात खाली उतरवीत नाही.