नाकाचा दांडा, दोन छायाचित्रे आणि एक नथ

नाकाची कॉन्टूर रंगभूषा, म्हणजे दांड्याच्या दोन्ही अंगांना त्वचेपेक्षा एक-दोन छटा गडद रंगाची सावली देऊन मधल्या कण्यावर उजळ रेघ ओढण्याची रीत, हातात ब्रश घेण्यापूर्वी छायाचित्रांवरून आखली जाते, आणि त्यासाठी वधूकडून समोरचे एक व बाजूचे एक अशी किमान दोन छायाचित्रे मागवली जातात. समोरच्या चित्रात दांड्याची रुंदी, नाकपुड्यांचा पसारा आणि नाकाचा कल कळतो. भुवयांमधल्या मुळापासून शेंड्यापर्यंत दांडा खोलगट आहे, सरळ आहे की मध्येच उंचावला आहे, हे मात्र बाजूच्या चित्राखेरीज कळत नाही. ही दोन्ही चित्रे कशी फसवतात हे प्रस्तुत लेखिकेला पुण्यातील एका वधूच्या रंगभूषेच्या वेळी उमगले, आणि पुढील विवेचन त्याच प्रकरणावर आधारलेले आहे.

पहिली फसगत अंतराची होती. वधूने हात लांब करून स्वतःच काढलेल्या चित्रात गालफडांपाशी चेहऱ्याची रुंदी 120 मिलिमीटर भरेल एवढी छापील प्रत काढली, तेव्हा नाकपुड्यांची रुंदी 42 मिलिमीटर भरली, म्हणजे चेहऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त, आणि त्यावरून नाकपुड्यांवर भरपूर सावली देण्याचे ठरले. परंतु फोन चेहऱ्यापासून जेमतेम 30 सेंटिमीटरवर असला की गालफडांच्या मानाने पुढे आलेले नाक कॅमेऱ्याला अधिक जवळचे पडते व तेवढेच मोठे उमटते. दुसऱ्या व्यक्तीने सुमारे दीड मीटरवर उभे राहून, फोन नाकाच्या उंचीवर धरून काढलेल्या चित्रात तेवढ्याच चेहऱ्याला नाक केवळ 34 मिलिमीटर भरले. कॅमेऱ्याने रुंद केलेल्या नाकावर सावली चढवणे म्हणजे नसलेल्या दोषावर उपाय करणे होय.

दुसरी फसगत अधिक महाग पडली. काही फोन पुढच्या कॅमेऱ्याचे चित्र आरशातल्यासारखे उलटे साठवतात, तर काही ते सरळ करून ठेवतात. त्यामुळे चित्रातील डावे-उजवे गृहीत धरता येत नाही. या वधूचा दांडा मध्यावर किंचित डावीकडे झुकलेला होता, आणि अशा नाकाला झुकावाच्या बाजूने सावली थोडी जाड देऊन उजळ रेघ हाडाच्या मागे न जाता सरळ ओढावी लागते. लेखिकेने उलट्या चित्रावरून कागदावर आराखडा काढला, सहाय्यिकेने सरावाच्या दिवशी त्याबरहुकूम उजवीकडे सावली दिली, आणि नाक होते त्याहून वाकडे दिसू लागले. खरे तर खूण चित्रातच होती: वधू साडीत होती व पदर डाव्या खांद्यावर होता, तेव्हा सरळ चित्रात तो पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला दिसायला हवा होता, आणि तो डाव्या हाताला दिसत होता. गुजराती पद्धतीच्या साडीत ही खूण अर्थातच उलटी वाचावी लागते.

बाजूच्या चित्रासाठी डोके समतोल हवे, म्हणजे कानाच्या भोकापासून डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या काठापर्यंतची कल्पित रेषा जमिनीला समांतर हवी, कारण हनुवटी उचलली की शेंडा आपोआप वर वळलेला भासतो. अशा चित्रावर मुळापासून शेंड्यापर्यंत पट्टी ठेवली असता या वधूच्या दांड्याचा मधला भाग पट्टीच्या बाहेर डोकावला. म्हणून उजळ रेघ अखंड न ओढता त्या उंचवट्यावर तोडली, आणि तेथे किंचित गडद रंग विरघळवला.

नथीची जागाही डाव्या बाजूच्या चित्रावरूनच ठरली, कारण महाराष्ट्रात नथ डाव्या नाकपुडीत घालतात. नाकपुडी जेथे गालाकडच्या भिंतीला मिळते तेथे एक वळणदार खाच असते. नाक टोचलेले नसल्यामुळे दाबाची नथ घ्यायची होती, आणि तिचा चाप खाचेतच बसवला तर गालाच्या कडेला टोचतो, फार पुढे घेतला तर मोती ओठांच्या मधोमध लोंबतात. खाचेच्या पुढे सुमारे तीन मिलिमीटरवर पेन्सिलीने बारीक ठिपका दिला, आणि तेवढी तांदळाच्या दाण्याएवढी जागा फाउंडेशनविना ठेवून पावडरने कोरडी केली, कारण तेलकट थरावर चाप घसरतो. डावी नाकपुडी मोत्यांखाली झाकली जाणार असल्याने तिच्यावर सावली देण्याचे श्रम लेखिकेच्या मते व्यर्थ असतात. उजवीवर मात्र ती हलक्या हाताने द्यावी.

लग्नाच्या दिवशीच्या समोरच्या छायाचित्रांत दांडा सरळ आला. बाजूच्या छायाचित्रांत उंचवटा जसाच्या तसा आहे, कारण रंगाने बाह्यरेषा बदलत नाही, आणि ही गोष्ट वधूला सरावाच्याच दिवशी सांगून ठेवलेली होती.