दोन तृतीयांशाची जागा

'चढत्या क्रमाने लावा' हा प्रश्न सातवीच्या पुस्तकात अगदी गरीब दिसतो. समोर पाच-सहा संख्या, त्यांत काही अपूर्णांक, काही दशांश, एखाददुसरी शेकडेवारी. सगळ्यांना एका रूपात आणायचं आणि ओळीत उभं करायचं. गोत्रीत संध्याकाळी माझ्या घरी शिकवणीला येणाऱ्या बहुतेक मुलांना ही रीत पाठ असते. तरी उत्तर चुकतं. रूपांतर येत नाही म्हणून चुकणारी मुलं थोडी. भागाकार कुठे थांबवायचा ते कळत नाही म्हणून चुकणारीच जास्त. ती नेमकी सापडावीत म्हणून मी फळ्यावर हा संच लिहिते:

५/८, ०.६६, ६६.५%, २/३, ०.६६७, ६.७%

लगेच वही उघडू देत नाही. आधी नुसतं बघून सांगा, अर्ध्याच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण? ५/८ पलीकडे, कारण आठाचे निम्मे चार. इथवर ठीक चालतं. ६.७% ला मात्र दोन-तीन हात चुकीच्या बाजूला जातात. या मुलांनी टक्क्याचं चिन्ह पुसून पुढे शून्य लावलेलं असतं आणि ६.७% चे ०.६७ झालेले असतात. त्यांना शंभरानं भागायचा नियम पुन्हा ऐकवून काही होत नाही, तो त्यांना येतोच. मी विचारते, ''शंभर मार्कांत पावणेसात पडले तर पास का?'' मग हात आपोआप खाली येतात. पावणेसात म्हणजे ६.७५ हे लक्षात आणून देणारा एक चोख मुलगा दरवर्षी निघतो, आणि त्याचं बरोबर असतं. तर ६.७% म्हणजे ०.०६७. ही संख्या सगळ्यांत लहान, ती एका बाजूला ठेवून दिली.

आता उरलेल्या पाचांना कोणतं रूप द्यायचं? शाळेत आधी समच्छेद शिकवतात, म्हणून काही मुलं तिकडेच वळतात. इथे त्यांना ८, ३, २०० आणि १००० यांचा लसावि काढावा लागतो. तो येतो ३०००, आणि पानभर गुणाकार होतात. उत्तर बरोबर येतं, पण तोवर जेवायची वेळ होते. छेद २, ४, ५, २० असे शंभरात बसणारे असले तर शेकडेवारी सोयीची. या संचात तीन संख्या दशांशातच किंवा त्याच्या उंबऱ्यावर उभ्या आहेत, म्हणून दशांश घ्यायचे. रूप असं संच बघून ठरवावं, सवयीनं ठरवू नये.

५/८ म्हणजे ०.६२५. ६६.५% म्हणजे ०.६६५. ०.६६ च्या पुढे एक शून्य लावून ते ०.६६० करायचं. हे शून्य मी हट्टानं लावून घेते. ते नसलं की काही मुलं ०.६६ ला 'सहासष्ट' आणि ०.६२५ ला 'सहाशे पंचवीस' वाचतात आणि ६२५ मोठे ठरवून मोकळी होतात. स्थळं सारखी केली की ६६० समोर ६२५ येतात आणि वाद मिटतो.

राहिले २/३. इथे वर्गाचे तीन तट पडतात. काही मुलं ०.६७ लिहितात, कारण 'दोन स्थळांपर्यंत राउंड ऑफ करा' हे त्यांनी शंभरदा केलेलं असतं. त्यांच्या ओळीत २/३ सगळ्यांत मोठे होऊन ०.६६७ च्याही पुढे जाऊन बसतात. काही मुलं ०.६६ वर थांबतात आणि विचारतात, ''काकू, दोन सारखे आले, आता?'' उरलेली भाग लावतच राहतात, सहा, सहा, सहा, आणि ओळ संपली की माझ्याकडे बघतात.

अशा एका संध्याकाळी नातीला न्यायला आलेले एक आजोबा दारातच थांबून ऐकत होते. दांडिया बाजारात वाढलेले, लहानपणी आणे-पैंची कोष्टकं घोकलेले. ते म्हणाले, ''पाच अष्टमांश म्हणजे दहा आणे. दोन तृतीयांश म्हणजे दहा आणे आठ पै. त्यात एवढं काय?'' मुलांनी माझ्याकडे पाहिलं. आजोबांचं चोख होतं. जुन्या रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १९२ ला तीननं पूर्ण भाग जातो, त्याचे दोन तृतीयांश नेमके १२८ होतात. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि शंभराला तीननं भाग जात नाही. तेव्हापासून रुपयाचे दोन तृतीयांश नेमक्या पैशांत देता येत नाहीत. पण मग सगळा संच पैंतच का मांडू नये? कारण तिथे ०.६६ अडतात, त्यांच्या १२६.७२ पै होतात. एकाला सोईचं रूप दुसऱ्याला अडचणीचं होतं ते असं.

तर २/३ चं काय करायचं? छेदाच्या अवयवांत दोन आणि पाच सोडून दुसरा मूळ अवयव राहिला की भागाकार कधी संपत नाही. तो संपवायची गरजही नाही. शेजाऱ्यापासून वेगळेपण दिसेपर्यंत जायचं, तिथे थांबायचं, शेवटचा अंक वाढवायचा नाही आणि पुढे टिंबं द्यायची. ०.६६६… असं लिहिलं की ही संख्या ०.६६६ पेक्षा मोठी आणि ०.६६७ पेक्षा लहान आहे हे टिंबांवरूनच कळतं. तिची जागा ठरली. राउंड ऑफ करायला हरकत नाही, पण क्रम लावून झाल्यावर. आधी केलं तर दोन संख्यांमधलं तेवढंच अंतर खाल्लं जातं, आणि इथे ते अंतर तीन हजारांत एक इतकंच आहे.

ज्यांचा टिंबांवर विश्वास बसत नाही त्यांच्यासाठी भागाकाराशिवायचा पडताळा आहे. दशांशाला अपूर्णांकाच्या छेदानं गुणायचं आणि अंशाशी ताडायचं. ०.६६७ गुणिले ३ म्हणजे २.००१, दोनापेक्षा मोठे, म्हणून ०.६६७ हे २/३ पेक्षा मोठे. ०.६६५ गुणिले ३ म्हणजे १.९९५, दोनापेक्षा लहान. ५/७ आणि ०.७१४ मध्ये मोठा कोण, हेही असंच एका गुणाकारात कळतं: ४.९९८, म्हणून ५/७ मोठे.

उत्तर लिहिताना मुलं आणखी एकदा घसरतात. दशांशांची रांग सुरेख लावतात आणि तीच उत्तर म्हणून उतरवतात. मी दोन ओळी करून घेते: वर मूळ संख्या, तिच्या बरोबर खाली तिचा दशांश. क्रम खालच्या ओळीवरून लावायचा आणि उत्तर वरच्या ओळीतून लिहायचं: ६.७%, ५/८, ०.६६, ६६.५%, २/३, ०.६६७.

बाजारच्या सरावपत्रिकांत बहुधा १/२, १/४, ३/५ असेच अपूर्णांक सापडतात. त्यांवर मुलांना पैकीच्या पैकी मिळतात आणि भागाकार कुठे थांबवायचा हा प्रश्न त्यांना पडतच नाही. घरी किंवा वर्गात असा संच तयार कराल तेव्हा ३, ६, ७ किंवा ९ छेदाचा एक तरी अपूर्णांक घाला, आणि त्याच्या अगदी शेजारी बसणारा एक दशांश मुद्दाम ठेवा.